आईविना पिल्लू : आधी ऊब, मग दूध

पुण्याच्या थंडीत गल्लीतली कुत्री गाडीखाली मेली, की डोळे न उघडलेली पिल्लं मागे राहतात. ती कुईकुई करू लागली की आपण वाटीत दूध आणतो. पण पिल्लू गार असेल तर त्याचं पोट चालत नाही. दूध पोटात तसंच राहतं, नाहीतर श्वासनलिकेत जातं. म्हणून आधी ऊब द्यायची.

खोक्यात जुनी साडी अंथरा. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एकाच कडेला ठेवा, म्हणजे जास्त गरम झालं तर पिल्लू लांब सरकेल. तोंडात बोट घालून बघा. आतून गार लागलं तर थांबा.

कुत्रीचं दूध गाईच्या दुधापेक्षा खूप दाट असतं. म्हणून पिल्लांची दूध पावडर आणा आणि डब्यावर लिहिल्याप्रमाणे कालवा. ती मिळेपर्यंत एखादी रात्र गाईचं दूध उकळून, कोमट करून, पाणी न घालता चालेल.

पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी पाजायचं, रात्रीसुद्धा. ३०० ग्रॅमच्या पिल्लाला एका वेळी ७-८ मिली पुरतं. पिल्लू पालथंच ठेवा, उताणं नको. पाजून झाल्यावर ओल्या कापसाने खालची जागा पुसा, त्याशिवाय त्याला लघवी होत नाही.

रोज वजन करा. ते वाढलं नाही किंवा नाकातून दूध आलं, तर लगेच औंधच्या सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात न्या.