कागदाची घडी, रेल्वेचं फाटक आणि न दिसणारी भुजा

सहावी-सातवीच्या मुलांना कोन शिकवताना घडीकाम वापरायचं, ही कल्पना नवी नाही. टी. सुंदर राव यांचं कागदाच्या घड्यांतून भूमिती सांगणारं इंग्रजी पुस्तक १८९३ साली मद्रासमध्ये छापलं गेलं. त्यात पहिलं प्रकरण चौरसाचं आणि दुसरं समभुज त्रिकोणाचं आहे. त्यामुळे या विषयावर संशोधन करायचं ठरवलंत तर ‘घडीकामाने मुलं शिकतात का?’ हा प्रश्न फार ढोबळ ठरतो. घडी कोनाबद्दलचं नेमकं काय शिकवते आणि काय शिकवत नाही, हे विचारलं तर हाताला काही लागतं. या लेखात तेवढंच पाहू.

आधी अडचण कुठे आहे ते पाहू

फळ्यावर एकाच मापाचे दोन कोन काढा. एकाच्या भुजा वीतभर, दुसऱ्याच्या बोटभर. ‘मोठा कोणता?’ असं विचारलं की बरीच मुलं लांब भुजांचा कोन दाखवतात. अशा वेळी ‘चूक’ म्हणून पुढे जाऊ नका. ‘कोन कुठे आहे, बोटाने दाखव’ असं म्हणा. काही मुलं दोन भुजांमधली सगळी जागा हाताने सारवून दाखवतात. त्यांच्या दृष्टीने कोन म्हणजे क्षेत्र. काही जण दोन टोकांमधलं अंतर दाखवतात, तर काही फक्त शिरोबिंदूवर बोट ठेवतात. उत्तर सारखंच असलं तरी त्यामागचे समज वेगळे आहेत, आणि लेखी चाचणीत ते दिसत नाहीत.

घडी जे शिकवते ते

वर्तमानपत्राचा कडा वेड्यावाकड्या फाडलेला तुकडा घ्या. कडा मुद्दाम फाडायच्या, नाहीतर मूल कागदाचा तयार कोपराच ‘हा बघा काटकोन’ म्हणून दाखवतं. आता एक घडी घाला. सरळ रेषा मिळाली, म्हणजे सरळकोन. मग हीच घडीची कड स्वतःवर तंतोतंत बसेल अशी दुसरी घडी घाला. सरळकोनाचे दोन सारखे भाग झाले, म्हणजे काटकोन. कोनमापक न लावता ९० अंश मिळाले, आणि का मिळाले हेही मुलाला सांगता येतं. तिसऱ्या घडीने ४५ मिळतात.

हेच एका मुलाला अख्ख्या पानावर आणि दुसऱ्याला हातभर पावतीच्या कागदावर करायला लावा. दोन्ही काटकोन एकमेकांवर ठेवले की शिरोबिंदू जुळतो, कडा जुळतात आणि मोठ्या कागदाचा फक्त उरलेला भाग बाहेर राहतो. तो फाडून टाका आणि विचारा, ‘कोन कमी झाला का?’ भुजांच्या लांबीचा गैरसमज इथे हलायला लागतो.

चौथ्या घडीला मात्र थांबा. तिथे कागदाचे १६ थर होतात, जाडीमुळे आतले थर सरकतात आणि साडेबावीस अंशांचा कोन नीट येत नाही. बिघडलेलं ओळखायचं कसं? कागद पूर्ण उघडा. सगळ्या खुणा एकाच बिंदूतून जायला हव्यात. मध्यभागी चिमुकला त्रिकोण दिसला, तर कुठलीतरी घडी शिरोबिंदूवरून गेलेली नाही.

६० अंशांची घडी

अर्धं करत राहून ६० कधीच मिळत नाही. त्यासाठी वहीचं आयताकृती पान उभं धरा. खालच्या कडेच्या टोकांना अ आणि ब म्हणा. डावी कड उजव्या कडेवर आणून मधोमध उभी खूण पाडा आणि पान उघडा. आता ब हा कोपरा उचलून त्या मधल्या खुणेवर असा टेकवा, की नवी घडी बरोबर अ मधून जाईल. ब जिथे टेकला तिथे प हे अक्षर लिहा आणि कागद उघडा.

अप आणि अब सारख्या आहेत, कारण घडी घालताना अब हीच कड उचलून अप वर ठेवली होती. पअ आणि पब सारख्या आहेत, कारण प मधल्या खुणेवर आहे आणि ती खूण अ व ब पासून सारख्याच अंतरावर आहे. तिन्ही बाजू समान, म्हणून अ पाशी ६० अंश. नवी घडी या कोनाला दुभागते, म्हणून ३० अंशही मिळाले. सातवीतलं मूल ही दोन ‘कारण’ वाक्यं स्वतः बोलू शकतं, आणि तुमच्या नोंदवहीत लिहून घ्यायची गोष्ट तीच आहे.

घडी जे शिकवत नाही ते

घडी घातलेला कागद हा शेवटी कागदाचा तुकडाच असतो. ‘कोन म्हणजे मधली जागा’ हा समज त्याने मोडण्याऐवजी कधीकधी पक्का होतो. कोन म्हणजे वळण, ही कल्पना त्यातून आपोआप येत नाही.

ऑस्ट्रेलियातले मायकेल मिचेलमोर आणि पॉल व्हाइट यांचं २००० साली प्रसिद्ध झालेलं काम इथे उपयोगी पडतं. त्यांनी मुलांना कात्री, फरशी, दार, टेकडी, चाक अशा गोष्टींत कोन ओळखायला लावला. ज्या वस्तूत दोन्ही भुजा दिसतात तिथे मुलांना कोन सहज सापडला. एकच भुजा दिसते तिथे अवघड गेलं, आणि एकही दिसत नाही तिथे सगळ्यात जास्त.

ही मांडणी आपल्याकडे लावून बघा. कात्री किंवा पत्र्याच्या शेडचा कोपरा म्हणजे दोन भुजा. रेल्वे फाटकाचा वर जाणारा दांडा म्हणजे एक भुजा, कारण दुसरी भुजा ही दांड्याची आधीची आडवी जागा, आणि ती आता तिथे नाही. कल्याण किंवा डोंबिवली स्टेशनच्या पुलाचा जिना घेतला तर कठडा दिसतो, पण क्षितिजसमांतर भुजा मनातच धरावी लागते. वर फिरणाऱ्या पंख्यात तर ‘किती वळला’ याच्या दोन्ही भुजा आठवणीत ठेवायच्या असतात.

जिन्याच्या कठड्यावर घडी तपासण्याचं साधन होते. दोऱ्याला नट बांधून तो कठड्यावरून लोंबकळत सोडा. कठड्याची खाली उतरणारी बाजू आणि दोरा यांच्यामध्ये ६० अंशांची घडी नेमकी बसली, तर कठड्याचा उतार ३० अंश, कारण दोरा आणि आडवी रेषा यांत काटकोन असतो. हे करताना मुलाला न दिसणारी भुजा स्वतः उभी करावी लागते.

अभ्यासाची आखणी करताना

घडीकाम शिकवून घडीच्याच कागदावर चाचणी घेतली तर गुण वाढलेले दिसतील, पण त्यातून मुलाला घडी आठवते एवढंच कळेल. म्हणून चाचणीत किमान तीन प्रकार ठेवा: दोन भुजांचा, एका भुजेचा आणि एकही भुजा न दिसणारा. शिकवण्याआधी आणि नंतर या तिन्हींची नोंद वेगवेगळी करा, बेरीज करू नका. कात्रीवर सुधारणा झाली आणि फाटकावर झाली नाही, तर तोच तुमचा निष्कर्ष आहे. एकूण गुणांत तो दडून जातो.

दुसरं म्हणजे, प्रत्येक उत्तरानंतर ‘बोटाने दाखव’ विचारा आणि बोट कुठून कुठे गेलं ते लिहा. मूल जागा सारवत होतं की एका भुजेपासून दुसरीपर्यंत बोट वळवत होतं, हा फरक बरोबर-चूक या खुणांत येत नाही.