‘काल’ म्हटलं की ‘हॅव’ नको

‘आय हॅव सबमिटेड द फॉर्म यस्टरडे.’ मराठी माणसाच्या तोंडून हे वाक्य सहज निघतं, कारण ‘मी काल अर्ज दिला आहे’ असं आपण रोज बोलतो. आपला ‘आहे’ काम झाल्याची ग्वाही देतो आणि शेजारी ‘काल’ आला तरी त्याला अडचण होत नाही. इंग्रजीत मात्र हे वाक्य चुकतं.

तिथे ‘हॅव’ आत्ताची स्थिती सांगतो. म्हणून तर या काळाला पूर्ण वर्तमानकाळ म्हणतात. ‘काल’, ‘गेल्या वर्षी’, ‘2019 मध्ये’ हे शब्द संपलेल्या वेळेकडे बोट दाखवतात. ते आले की इंग्रजीला साधा भूतकाळच लागतो : ‘आय सबमिटेड द फॉर्म यस्टरडे.’ ‘यस्टरडे’ काढून टाका, मग ‘आय हॅव सबमिटेड द फॉर्म’ बिनचूक होतं. अर्ज दिलाय, आता पुढचं तुम्ही बघा, असा त्याचा रोख असतो. ‘केव्हा’ हा प्रश्नही वेळच विचारतो, म्हणून ‘व्हेन हॅव यू कम?’ नव्हे, ‘व्हेन डिड यू कम?’

समजा, शेजारीण बंद दाराशी उभी आहे. ती म्हणते, ‘आय हॅव लॉस्ट माय की.’ म्हणजे किल्ली अजून सापडलेली नाही. ‘आय लॉस्ट माय की’ एवढंच म्हटलं असतं, तर किल्ली हरवली होती हे कळतं. नंतर मिळाली की नाही, ते त्या वाक्यातून कळत नाही. आता तुम्ही विचारता, ‘व्हेअर डिड यू लूज इट?’ ती सांगते, ‘आय ड्रॉप्ड इट इन द रिक्षा.’ इथे ‘हॅव’ गेला, कारण आता बोलणं हरवण्याच्या त्या प्रसंगाबद्दल चाललंय. इंग्रजी संभाषण बऱ्याचदा असंच चालतं : बातमी ‘हॅव’ने सांगायची, तपशील साध्या भूतकाळात.

वेळ संपली की नाही, यावर एकच प्रश्न दोन तऱ्हांनी विचारला जातो. सकाळी दहाला पाहुण्याला विचाराल, ‘हॅव यू हॅड टी धिस मॉर्निंग?’ सकाळ अजून चालू आहे, चहा अजून होऊ शकतो. दुपारी चारला तीच चौकशी ‘डिड यू हॅव टी धिस मॉर्निंग?’ अशी होते, कारण सकाळ मागे पडली.

एक फरक ध्यानात असू द्या. नुकतंच जेवण झालं असेल, तर ब्रिटिश माणूस सहसा ‘आय हॅव जस्ट ईटन’ म्हणतो. अमेरिकेत ‘आय जस्ट एट’ही सर्रास चालतं. पण ‘हॅव’च्या जोडीला ‘यस्टरडे’ दोघांनाही खटकतो. म्हणून वाक्य तयार झालं की त्यात संपलेली वेळ सांगणारा शब्द आहे का, ते आधी पाहा. असेल, तर ‘हॅव’ खोडा आणि क्रियापद साध्या भूतकाळात आणा.