घरकर्जाचं गणित, भाग ७ : पगार दहाला, हप्ता पाचला

सेलू तालुक्यात, बोर धरणाच्या वाटेवर हिंगणी आहे. तिथले एक शिक्षक डोळ्यांसमोर आणू. त्यांच्या गृहकर्जाचा हप्ता ५ तारखेला कापला जातो, पगार मात्र कधी ६ला येतो, कधी १०ला. खात्यात पैसे नसले की हप्ता परत जातो आणि भुर्दंड दोन्हीकडून बसतो : कर्ज देणाऱ्या बँकेचा आणि पगाराचं खातं असलेल्या बँकेचाही.

यावर उपाय म्हणजे बँकेकडे हप्त्याची तारीख बदलून मागणं. त्याचा अर्ज लिहिण्याआधी पासबुक उघडावं. बारा महिन्यांत सगळ्यांत उशिरा पगार कधी आला ते पाहावं. तो १०ला आला असेल, तर १२ तारीख मागावी. नेमकी १० मागण्यात धोका आहे, कारण हप्ता सकाळी कापला गेला आणि पगार दुपारी आला, तरी हप्ता परतच जाणार.

अर्ज एवढाच पुरे :

प्रति, मा. शाखा व्यवस्थापक
विषय : गृहकर्ज खाते क्र. ____ च्या हप्त्याची तारीख ५ ऐवजी १२ करण्याबाबत

महोदय,
गेल्या १२ महिन्यांत माझा पगार ६ ते १० तारखेदरम्यान जमा झाला आहे. खातेउतारा सोबत जोडला आहे. आज रोजी कोणताही हप्ता थकीत नाही. तरी पुढील महिन्यापासून हप्ता १२ तारखेस घ्यावा. मधल्या ७ दिवसांचे व्याज किती व कसे घेणार, ते कळवावे आणि सुधारित परतफेड तक्ता द्यावा.
आपला विश्वासू

व्याजाचं वाक्य मी मुद्दाम घातलं आहे. ८ लाख रुपये बाकी आणि ९ टक्के दर धरला, तर ७ दिवसांचं व्याज साधारण १,३८१ रुपये होतं. हे एकदाच लागतं. पुढे दोन हप्त्यांत पुन्हा एक महिन्याचंच अंतर राहतं. हप्ता वारंवार परत जात असेल, तर हा खर्च मला परवडणारा वाटतो.

कर्ज आणि पगार एकाच बँकेत असतील, तर त्याच बँकेला आतली सूचना बदलावी लागते. बँका वेगळ्या असतील, तर वजावट नॅचच्या संमतीपत्रावर चालते आणि काही बँका ते नव्याने भरून घेतात. तसं झालं, तर जुनं रद्द झाल्याची खात्री करा. नाहीतर एकाच महिन्यात ५लाही पैसे जातील आणि १२लाही.

तारीख बदलून देणं बँकेवर बंधनकारक नाही. काही बँका ठरावीक दोन-तीन तारखाच देतात आणि थकबाकी असताना अर्ज बहुधा मागे ठेवतात. म्हणून मागचा हप्ता आधी भरावा, मग शाखेत जाऊन अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यावी. सुधारित तक्ता हातात पडेपर्यंत ५ तारीखच खरी धरावी आणि आदल्या संध्याकाळी हप्त्याएवढी रक्कम खात्यात ठेवावी.