बातमी फुटली म्हणजे प्रसिद्ध झाली का?

25 मार्च 1996. हिंदुस्थान लिव्हरने युनिट ट्रस्टकडून ब्रुक बॉण्ड लिप्टन इंडियाचे 8 लाख शेअर विकत घेतले. बाजारभाव होता सुमारे 318 रुपये आणि लिव्हरने मोजले शेअरमागे 350 रुपये 35 पैसे. एवढा मोठा गठ्ठा दहा टक्के चढ्या भावाने जातोय म्हटल्यावर युनिट ट्रस्टच्या अधिकाऱ्यांना हा सौदा फायद्याचाच वाटला असणार.

महिनाही उलटला नव्हता. 19 एप्रिलला या दोन्ही कंपन्यांच्या विलीनीकरणाची घोषणा झाली. दोघींची मूळ मालकी युनिलिव्हरकडे होती आणि काही संचालकही सामाईक होते. म्हणजे सौद्याच्या टेबलावर घेणाऱ्याला जे ठाऊक होतं, ते विकणाऱ्याला ठाऊक नव्हतं. युनिट ट्रस्टमधला पैसा तरी कोणाचा होता? पगारातून, पेन्शनीतून थोडे थोडे बाजूला काढून युनिटं घेणाऱ्या मध्यमवर्गीयांचा.

सेबीने चौकशी करून मार्च 1998 मध्ये लिव्हरला इनसायडर ट्रेडिंगबद्दल दोषी ठरवलं आणि युनिट ट्रस्टला 3 कोटी 4 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. हिशेब केला तर ही रक्कम शेअरमागे 38 रुपये भरते. लिव्हर अपिलात गेली. त्या वेळी सेबीच्या आदेशावरचं असं अपील केंद्रीय अर्थ मंत्रालयाकडे जाई. तिथे चार महिन्यांत निकाल उलटला, तो प्रामुख्याने एका शब्दावर: ‘अप्रकाशित’.

1992 च्या नियमांत अप्रकाशित दरसंवेदी माहितीची व्याख्या साधारण अशी होती: जी माहिती सर्वसामान्यपणे ठाऊक नाही किंवा कंपनीने प्रसिद्ध केलेली नाही, पण प्रसिद्ध झाली तर शेअरच्या भावावर लक्षणीय परिणाम होण्याचा संभव आहे, अशी माहिती. विलीनीकरणाची चर्चा तर वर्तमानपत्रांत आधीच सुरू होती. लिव्हर ‘इनसायडर’ आहे हे अपिलातही मान्य झालं; पण वर्तमानपत्रांतून सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट अप्रकाशित कशी म्हणायची, असं ठरलं. शिवाय भरपाई देववण्याचा अधिकारच सेबीला नव्हता, असंही निकालात आलं.

हा युक्तिवाद नीट तपासून पाहायला हवा. पेपरात ‘विलीनीकरण होण्याची शक्यता’ असं वाचणारा माणूस अंदाज बांधत असतो. खरं निघालं तर फायदा, खोटं निघालं तर नुकसान, आणि ती जोखीम त्याची स्वतःची. संचालक मंडळाच्या खोलीत बसलेल्याला मात्र निर्णय कुठवर आला आहे ते ठाऊक असतं. त्याच्यापुरती ती जोखीम संपलेली असते. शंभर जणांची कुजबुज आणि एकाची खात्री यांना एकाच तराजूत घालणं हा युनिट ट्रस्टवर अन्यायच होता.

कायद्याने ही फट बुजवायला 2002 साल उजाडलं. छापील किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमांतल्या तर्कवितर्कांच्या बातम्या म्हणजे प्रसिद्ध झालेली माहिती नव्हे, असं तेव्हाच्या दुरुस्तीने स्पष्ट लिहिलं. सध्या लागू असलेले नियम 2015 चे. त्यांची कसोटी सोपी आहे: माहिती सर्वांना, कोणताही भेदभाव न होता, मिळू शकते का? कंपनीने शेअर बाजाराला कळवलं आणि बाजाराच्या संकेतस्थळावर ते झळकलं, की ती सर्वांची झाली. तिमाही निकाल, लाभांश, भांडवलाच्या रचनेतला बदल, विलीनीकरण, वरिष्ठ पदांवरचे बदल ही उदाहरणं नियमांतच दिलेली आहेत. शहानिशा न झालेली माध्यमांतली बातमी ‘सर्वांना उपलब्ध’ धरायची नाही, हेही 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट करण्यात आलं.

पण हीच दोरी दुसऱ्या टोकालाही ताणली जाते. 2017 मध्ये काही कंपन्यांचे तिमाही आकडे निकालाआधीच व्हॉट्सॲपवर फिरले आणि पुढे ते खऱ्या निकालाशी जवळपास जुळले. सेबीने ते पुढे पाठवणाऱ्यांना दंड केला. रोखे अपील न्यायाधिकरणाने 2021 मध्ये तो रद्द केला: मिळालेला आकडा कंपनीतून फुटलेला आहे हे पाठवणाऱ्याला ठाऊक होतं, हे सिद्ध झालं नव्हतं. दलालांच्या वर्तुळात असे अंदाज रोजच फिरतात. त्यांतला एखादा खरा निघाला, एवढ्यावर कोणाला इनसायडर ठरवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला.

म्हणून आता भर आहे तो बातमी कोणाकडून कोणाकडे गेली, हे त्याच वेळी लिहून ठेवण्यावर. कंपनीने अशी माहिती वकिलाला, बँकेला किंवा सल्लागाराला दिली, तर त्या व्यक्तीचं नाव आणि पॅन संगणकीय नोंदवहीत चढवावं लागतं. नोंदीवर वेळेचा शिक्का पडतो, नंतर तिच्यात फेरफार करता येऊ नये अशी व्यवस्था लागते आणि व्यवहार पुरा झाल्यावरही ती किमान आठ वर्षं जपावी लागते.