काँकच्या दारावरचा न्यायनिवाडा

फ्रान्सच्या दक्षिण भागात, आव्हेरों जिल्ह्याच्या डोंगरउतारावर काँक नावाचे छोटे गाव आहे. स्पेनमधल्या सांतियागोला पायी निघालेले यात्रेकरू मध्ययुगात या गावात मुक्काम करत. इथल्या मठाच्या चर्चमध्ये संत फ्वा या कोवळ्या वयाच्या हुतात्मा मुलीचे अवशेष होते. दर्शन घेण्याआधी यात्रेकरूंना पश्चिमेच्या दारासमोर थांबावेच लागे, कारण त्या दाराच्या माथ्यावर शंभराहून जास्त माणसे, देवदूत आणि सैतान दगडात कोरलेले आहेत. विषय एकच: जगाच्या शेवटी होणारा न्याय.

हे शिल्प बाराव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांतले. चर्चचे बांधकाम मात्र त्याआधी, अकराव्या शतकाच्या मध्यात सुरू झाले होते. त्या काळात पश्चिम युरोपभर जी बांधणी रुजली तिला पुढे रोमनेस्क हे नाव मिळाले. जाडजूड भिंती आणि अर्धगोल कमानी ही तिची ओळख. हे शिल्प नेमके दारावरच का आले, याचे अर्धे उत्तर या कमानीतच आहे.

अर्धगोल कमान पाचरीसारख्या घडवलेल्या दगडांची असते. प्रत्येक दगड शेजारच्याला रेटतो आणि वरचा भार दोन्ही बाजूंनी खाली उतरतो. पण तो सरळ खाली जात नाही, थोडा बाहेरही ढकलतो. कमान सतत पाय फाकवू पाहते, म्हणा ना! अशा कमानी एकामागोमाग एक जोडून लांबच लांब दगडी छत केले, की हा रेटा संपूर्ण भिंतीवर येतो. म्हणून भिंत जाड हवी आणि तिच्यात मोठ्या खिडक्या पाडायची सोय नाही. काँकमध्ये मधल्या दालनाचे छत सुमारे 22 मीटर उंच आहे. त्याला आवरण्यासाठी दोन्ही अंगांना वरचे सज्जे बांधले आणि त्या सज्ज्यांची पाव वर्तुळाची छते मधल्या छताला बाहेरून टेकवली. छत टिकले, पण मधल्या दालनाला स्वतःच्या खिडक्या राहिल्या नाहीत. तिथे उजेड येतो तो बाजूच्या दालनांतून आणि सज्ज्यांतून, गाळून आल्यासारखा.

हा रेटा नीट पेलला नाही तर काय होते, ते बर्गंडीतल्या वेझले इथल्या चर्चमध्ये दिसते. तिथल्या बांधकाम करणाऱ्यांनी मधल्या दालनाला वरच्या बाजूला खिडक्या ठेवण्याचे धाडस केले. कालांतराने भिंती बाहेर कलल्या. आजही मान वर करून पाहिले, तर तिथल्या आडव्या कमानी पुऱ्या अर्धगोल राहिलेल्या नाहीत, माथ्याशी चपट्या झाल्या आहेत, हे साध्या डोळ्यांनी कळते. 1840 पासून व्हिओले-ल-द्यूक या वास्तुविशारदाने तिथे मोठी दुरुस्ती केली, म्हणून ती वास्तू उभी राहिली.

आता दाराकडे येऊ. रुंद दारावर नुसता आडवा दगड टाकला तर वरच्या भिंतीच्या वजनाने तो मध्यात तडकतो. दगड दाब सोसतो, वाकणे सोसत नाही. म्हणून वर कमान घेतात आणि भिंतीचा भार कमानच दोन्ही बाजूंना वाहून नेते. कमान आणि आडवा दगड यांच्यामध्ये जी अर्धचंद्राकृती जागा उरते, तिच्यावर इमारतीचा भार जवळपास नसतोच. तिथे पातळ फलक बसवले तरी चालतात, आणि फलकावर हवे तितके खोल कोरता येते. भिंतीला बळ देणाऱ्या कमानीनेच शिल्पकाराला अशी मोकळी जागा दिली. आतल्या अंधुक उजेडाच्या मानाने ही जागा उघड्या प्रकाशात होती, आणि प्रत्येकाच्या वाटेवर.

काँकचा हा अर्धचंद्र साडेसहा मीटरांहून जास्त रुंद आहे. तो अनेक तुकड्यांचा आहे. सांधे शक्यतो आकृत्यांच्या मधून जाणार नाहीत अशी काळजी कारागिरांनी घेतली आहे. मधोमध ख्रिस्त बसला आहे. त्याचा उजवा हात वर, डावा खाली. एवढ्यातच सगळा निकाल आला: त्याच्या उजव्या अंगाला, म्हणजे पाहणाऱ्याच्या डावीकडे, तरलेले लोक, दुसरीकडे बुडालेले. मॅथ्यूच्या शुभवर्तमानात न्यायाच्या दिवसाचे असेच वर्णन आहे.

डावीकडे सगळे शिस्तीत चालले आहे. मेरी पुढे, मागे किल्ली घेतलेला पीटर, पुढे एक मठाधिपती एका राजाचा हात धरून नेतो आहे. हा राजा शार्लमेन समजला जातो. काँकच्या मठाला आपला उपकारकर्ता म्हणून त्याचा अभिमान होता. उजवीकडे मात्र सगळी रेटारेटी. चिलखत घातलेला एक सरदार घोड्यासकट डोके खाली करून कोसळतो आहे. एका कंजुषाला गळ्यात पैशांची थैली अडकवून टांगले आहे. एका चोरट्या शिकाऱ्याला काठीला बांधून आगीवर भाजले जात आहे, आणि भाजणाऱ्यांत ससा आहे! आणि एका सैतानाने जाळे टाकून चक्क मठवासी साधूच पकडले आहेत. आपल्याच लोकांना नरकात दाखवण्याची हिंमत मठाने केली, हे मला या शिल्पातले सर्वांत प्रामाणिक वाटते.

मध्यभागी, ख्रिस्ताच्या पायांखाली, तराजू आहे. एका बाजूला देवदूत मायकल, दुसऱ्या बाजूला सैतान. सैतान पारड्यावर बोट दाबून वजनात लबाडी करू पाहतो, तरी पारडे त्याच्या बाजूला झुकत नाही. त्याच्या खाली दोन दारे शेजारी शेजारी: स्वर्गाच्या दाराला बिजागऱ्या आणि कुलूप, तिथे देवदूत हात धरून आत घेतो, नरकाचे दार म्हणजे अक्राळविक्राळ जनावराचा जबडा, त्यात माणसे ढकलली जातात. आणि या चित्राखाली चर्चची खरी दोन दारे आहेत, मध्ये एक खांब. यात्रेकरू त्यांतूनच आत जायचा.

बायबलमध्ये नसलेली एक गोष्टही इथे आहे. डावीकडे संत फ्वा गुडघे टेकून पुढे झुकली आहे आणि ढगातून आलेला देवाचा हात तिच्या मस्तकाला भिडतो आहे. तिच्या मागच्या कमानींत बेड्या लटकल्या आहेत. तिच्या कृपेने सुटलेले कैदी आपल्या बेड्या आणून वाहतात, अशी तिची ख्याती होती. अकराव्या शतकात इथे येऊन तिच्या चमत्कारांचे पुस्तक लिहिणाऱ्या अँजेच्या बर्नारने नोंदवले आहे, की या बेड्यांच्या लोखंडातून चर्चमधल्या जाळ्या घडवल्या गेल्या. म्हणजे यात्रेकरूला दारावर न्यायाची धास्ती दिसे आणि त्याच चित्रात, न्यायाधीशाच्या जवळ, त्याच्या बाजूने रदबदली करणारी मुलगीही दिसे. ती आत, काही पावलांवरच होती.

सन 600च्या सुमारास पोप ग्रेगरी यांनी मार्सेच्या बिशपला लिहिले होते, की वाचता न येणाऱ्यांसाठी चित्र हेच वाचन असते. पण चित्र आपले आपण बोलत नाही. काँकच्या शिल्पातल्या पट्ट्यांवर लॅटिन ओळी कोरल्या आहेत आणि बहुतेक यात्रेकरूंना त्या वाचता येत नव्हत्या. ज्याने गोष्ट आधी ऐकली होती, त्यालाच तराजू आणि जबडा यांचा अर्थ लागे. उरलेल्यांना कुणी तरी बोट दाखवून सांगावे लागत असणार. दगड ऐकलेले पक्के करत होता. त्यात रंगही होता. निळ्या आणि तांबड्या रंगाच्या खुणा अजून शिल्लक आहेत.

एकोणिसाव्या शतकात हे चर्च मोडकळीला आले होते. सरकारच्या स्मारक विभागाचे निरीक्षक प्रॉस्पेर मेरिमे 1837मध्ये इथे आले आणि त्यांच्या अहवालानंतर दुरुस्तीचे काम मार्गी लागले. 1994मध्ये चित्रकार पिएर सुलाज यांनी इथल्या 104 झरोक्यांना आणि खिडक्यांना नवी काच बसवली. त्यांनी त्या काचांवर एकही संत किंवा गोष्ट रंगवली नाही. काच धूसर, पांढरट आणि आरपार न दिसणारी ठेवली, म्हणजे उजेड भिंतींवर पसरावा.