चौकोन वेगळे, तुटलेली जोडाक्षरं वेगळी

एका पतसंस्थेच्या ॲपचं उदाहरण घेऊ. खातेदार ॲप उघडतो तेव्हा पडद्यावर ‘आर्थिक वर्ष’ हे शब्द स्वच्छ दिसतात. त्याच ॲपमधून हप्त्याची पावती उतरवून घेतली, की या शब्दांच्या जागी रिकाम्या चौकोनांची रांग येते. तक्रार गेल्यावर ॲप बनवणारे देवनागरी फॉन्ट बसवतात. चौकोन जातात, पण पावतीवर आता ‘आर्‌थकि वर्‌ष’ असं उमटतं. मग दुसरा फॉन्ट, तिसरा फॉन्ट. अक्षरांची वळणं बदलतात, चूक मात्र तशीच राहते.

असं होतं, कारण हे दोन वेगळे बिघाड आहेत. चौकोन फॉन्टमुळे येतात आणि फॉन्ट बदलल्यावर जातात. जोडाक्षरं बहुतेक वेळा फॉन्टच्या आधीच्या टप्प्यावर तुटतात, त्यामुळे कितीही फॉन्ट बदलले तरी ती जुळत नाहीत. हा फरक समजायचा, तर संगणकात मराठी शब्द कसा साठवलेला असतो ते आधी पाहायला हवं.

युनिकोड ही जगातल्या लिप्यांना क्रमांक देणारी पद्धत. तिची पहिली आवृत्ती 1991 साली आली आणि तिच्यात देवनागरी होती. देवनागरीच्या मुख्य विभागात U+0900 पासून U+097F पर्यंत 128 जागा आहेत. त्यांत स्वर आहेत, व्यंजनं आहेत, काना, मात्रा, वेलांटी, उकार आहेत, अंक आहेत आणि पाय मोडण्याची खूण आहे. जोडाक्षरं मात्र नाहीत. क्ष, ज्ञ, श्र यांना स्वतंत्र क्रमांक नाही, रफारालाही नाही. जोडाक्षर साठवताना त्याचे घटक उच्चाराच्या क्रमाने एकापुढे एक ठेवले जातात. ‘आर्थिक’ हा शब्द असा साठवला जातो:

```
U+0906  आ
U+0930  र
U+094D  ्
U+0925  थ
U+093F  ि
U+0915  क
```

वाचताना आपल्याला तीन अक्षरं दिसतात: आ, र्थि, क. साठवणीत मात्र सहा क्रमांक आहेत. वेलांटी थ च्या आधी दिसते, पण साठवलेली असते थ च्या नंतर. रफार थ च्या डोक्यावर दिसतो, पण साठवणीत तो थ च्या आधीचा पाय मोडलेला र असतो. या सहा क्रमांकांपासून ती तीन अक्षरं घडवण्याचं काम शब्द पडद्यावर किंवा कागदावर उमटताना, दर वेळी नव्याने करावं लागतं.

त्या कामाचा पहिला भाग फॉन्टचा. प्रत्येक फॉन्टमध्ये एक तक्ता असतो: अमुक क्रमांक आला तर अमुक आकृती काढ. क्रमांक तक्त्यात सापडला नाही, तर फॉन्टमधली पहिली, म्हणजे शून्य क्रमांकाची आकृती काढली जाते. तिचं नाव `.notdef`, आणि बहुतेक फॉन्टांत ती रिकाम्या चौकोनाची असते. फॉन्ट बनवणारे या चौकोनांना ‘टोफू’ म्हणतात. गूगलने हे चौकोन संपवायचे म्हणून जी फॉन्टमालिका काढली, तिचं ‘नोटो’ हे नाव त्यावरूनच पडलं.

पावतीवर चौकोन का आले, ते आता कळतं. ॲपचा पडदा फोनची यंत्रणा रंगवते. ॲपच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल, तर ती फोनमधला दुसरा फॉन्ट शोधून वापरते. पावती मात्र फोनवर तयार होत नाही. दूरच्या सर्व्हरवर एक छोटा प्रोग्राम चित्र किंवा पीडीएफ बनवतो, आणि तिथे त्याला एकच फॉन्ट दिलेला असतो. तो फॉन्ट फक्त रोमन अक्षरांचा असला, तर पर्याय शोधणारं तिथे कोणी नसतं. अशा पावतीवर ‘आर्थिक’च्या जागी चौकोन मोजले, तर बहुधा सहा भरतात. प्रोग्राम एकेक क्रमांक घेऊन एकेक चौकोन काढत गेलेला असतो. चौकोन आले याचा अर्थ मजकूर नष्ट झाला असा नाही. क्रमांक जागच्या जागी आहेत, त्यांच्यासाठी आकृती नाही एवढंच. मजकुराऐवजी प्रश्नचिन्हं आली असतील, तर मात्र मूळ क्रमांकच वाटेत हरवले असण्याची शक्यता मोठी, आणि मग फॉन्ट बदलून काही होत नाही.

कामाचा दुसरा भाग आहे अक्षरं घडवण्याचा. हे करणाऱ्या प्रोग्रामला शेपिंग इंजिन म्हणतात. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स आणि लिबरऑफिस यांत ‘हार्फबझ’ नावाचं मुक्त इंजिन हे काम करतं. ‘आर्थिक’ आल्यावर ते आधी शब्दाचे अक्षरांप्रमाणे तुकडे पाडतं. र, पायमोड, थ आणि वेलांटी हा एक तुकडा. त्यात मुख्य व्यंजन थ आहे हे ते ओळखतं. आरंभीच्या पायमोडक्या र चा रफार व्हायचा आहे, म्हणून त्याची जागा बदलतं. ऱ्हस्व वेलांटी उचलून थ च्या आधी आणतं. मग फॉन्टमधल्या नियमांना विचारतं: या दोन क्रमांकांसाठी रफाराची एक आकृती आहे का? असेल तर ती घेतं आणि थ च्या डोक्यावर नेमक्या जागी बसवतं. हे सगळं झाल्यावरच ‘र्थि’ दिसतं.

हा टप्पा गाळला, तर क्रमांक साठवणीच्या क्रमाने एकेक करून काढले जातात. आ, मग र, त्याखाली पायमोड, मग थ, मग वेलांटी, मग क. थ नंतर काढलेली वेलांटी क ची वाटते, म्हणून ‘आर्‌थकि’. फॉन्टमध्ये रफाराची आकृती असते, जोडाक्षरांचे नियमही असतात, पण ते कोणी विचारलेलेच नसतात.

म्हणूनच बिघाड ओळखायची सर्वांत खात्रीची खूण ऱ्हस्व वेलांटी आहे. तिला जागेवर नेणं हे इंजिनचं काम आहे. ‘किती’ हा साधा शब्द ‘कती’सारखा दिसू लागला आणि वेलांटी पुढच्या त ला चिकटली, तर इंजिन चालत नाही असं समजावं. उलट, वेलांटी आणि रफार बरोबर आहेत, पण एखादं अवघड जोडाक्षर पायमोड दाखवून सुटं आलं आहे, तर त्या फॉन्टमध्ये त्या जोडणीची आकृती नाही इतकंच. तसं लिहिणं देवनागरीत चुकीचं नाही. तिथे फॉन्ट बदलण्याने खरोखर फरक पडतो.

पतसंस्थेच्या पावतीकडे परत येऊ. अशी चित्रं बनवायला पायथन भाषेतलं ‘पिलो’ हे साधन पुष्कळ ठिकाणी वापरतात. त्यात मजकूर मांडण्याच्या दोन रीती आहेत. साधी रीत क्रमांकामागून क्रमांक काढत जाते. दुसरी रीत `raqm` नावाचा जोडभाग वापरते आणि तो पुढे हार्फबझला कामाला लावतो. हा जोडभाग उपलब्ध नसेल, तर पिलो साध्या रीतीवर येतं. चूक झाल्याचा संदेश येत नाही, पावती तयार होते आणि खातेदाराकडे जाते. तपासायला दोन ओळी पुरतात:

```python
from PIL import features
print(features.check("raqm"))
```

उत्तर `False` आलं, तर जोडाक्षरं तुटणारच. तो भाग सर्व्हरवर बसवला आणि देवनागरीचा पूर्ण फॉन्ट दिला, की त्याच प्रोग्राममधून ‘आर्थिक वर्ष’ नीट येतं. पीडीएफ बनवणाऱ्या कित्येक साधनांत हीच उणीव असते. पडद्यावर बरोबर आणि कागदावर चूक हा प्रकार म्हणून तर इतका आढळतो.

मराठीत आणखी दोन जागा नाजूक आहेत. हिंदी मजकुरावर तपासलेलं ॲप त्यांच्यापाशी हमखास अडखळतं.

पहिली जागा ॲ ची. ‘ॲप’ मधल्या या अक्षराला U+0972 हा क्रमांक 2008 साली, युनिकोडच्या 5.1 या आवृत्तीत मिळाला. त्याआधीच्या फॉन्टांत त्याची आकृती असणार नाही, म्हणून जुन्या संगणकावर सगळा मजकूर बरोबर आणि तेवढंच एक अक्षर चौकोन, असं दिसतं. त्यावर तोडगा म्हणून अनेकांनी अ पुढे चंद्र टाइप करायला सुरुवात केली. दिसायला ते सारखं, पण क्रमांक दोन आणि वेगळे. युनिकोडला ही जोडणी मान्य नाही. आजची इंजिनं तिथे अ नंतर तुटक रेषेचं वर्तुळ काढून त्यावर चंद्र ठेवतात. शोधातही गफलत होते: एका रीतीने लिहिलेलं ‘ॲप’ दुसऱ्या रीतीने शोधलं, तर साध्या शोधाला ते सापडत नाही.

दुसरी जागा दऱ्या, सुऱ्या, वाऱ्यावर या शब्दांतल्या आडव्या र ची. युनिकोडमध्ये तो मिळवायची सरळ वाट म्हणजे नुक्ता असलेला ऱ (U+0931), मग पायमोड, मग य. दुसरीही एक वाट चालते: साधा र, पायमोड आणि त्यानंतर U+200D हा जोडणारा क्रमांक, जो स्वतः पडद्यावर दिसत नाही. काही ॲप मजकूर जतन करताना न दिसणारी चिन्हं केरकचरा समजून काढून टाकतात. U+200D गेला, की डोंगरातल्या ‘दऱ्या’चा समुद्राचा ‘दर्या’ होतो. इथे चौकोन नाही, तुटकं अक्षर नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण हा बिघाड सर्वांत खोल, कारण आता साठवलेला शब्दच बदललेला असतो.

वाचणाऱ्याने काय करावं? मजकूर कॉपी करता येत असेल, तर तो दुसऱ्या एखाद्या ॲपमध्ये चिकटवून पाहावा. तिथे नीट दिसला, तर साठवण शाबूत आहे आणि चूक काढणाऱ्या ॲपची आहे. तक्रार करताना पडद्याचं चित्र, तोच शब्द बरोबर टाइप केलेला, आणि ॲप व फोनच्या यंत्रणेची आवृत्ती, एवढं पाठवावं. चौकोन आहेत की वेलांटी सरकली आहे, हेही एका वाक्यात लिहावं. त्यामुळे दुरुस्त करणाऱ्याला फॉन्टकडे पाहायचं की इंजिनकडे, हे लगेच कळतं.

ॲप बनवणाऱ्यांनी ‘नमस्कार’ लिहून समाधान मानू नये. त्यात ना रफार आहे, ना ऱ्हस्व वेलांटी. ‘आर्थिक’, ‘दऱ्या’, ‘ॲप’ आणि ‘उद्ध्वस्त’ हे चार शब्द पडद्यावर, पावतीवर, पीडीएफमध्ये आणि सूचनेत, अशा प्रत्येक ठिकाणी उमटवून पाहावेत. आणि ॲपला जमत नाही म्हणून ‘हर्षिता’ने आपलं नाव रोमनमध्ये भरू नये, किंवा अक्षरं पुढेमागे करून ते पडद्यावर बरं दिसेल असं टाइप करू नये. असं जुळवलेलं नाव त्या एका ठिकाणी बरं दिसेल, पण खात्यात कायमचं चुकीचं साठवलं जाईल आणि ज्या दिवशी ॲप दुरुस्त होईल, त्या दिवसापासून सगळीकडे चुकीचंच दिसेल. नाव बरोबर लिहावं आणि ॲपकडून दुरुस्ती मागावी. ती करण्यासाठी लागणारी साधनं आज मोफत उपलब्ध आहेत.