दारातला नकार

जानेवारीच्या आठ तारखेला पाठवलेली काळी साडी गिऱ्हाइकाने दारातूनच परत केली, तर ती विकणारीच्या हातात पडेपर्यंत बहुतेक वेळा महिना सरत आलेला असतो. संक्रांत होऊन गेलेली, हळदीकुंकवांची धामधूम ओसरलेली. साडीला कुठे डाग नाही, धागा निघालेला नाही, चोरीही झालेली नाही. पण पुढच्या पौषापर्यंत ती कपाटात पडून राहणार, आणि तिच्या जाण्यायेण्याचं भाडं मात्र कुरिअरवाल्याने आधीच कापून घेतलेलं असतं.

‘आधी वस्तू, मग पैसे’ हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. टपाल खात्याची व्ही. पी. सेवा १८७७ पासूनची, आणि पुस्तकं, औषधं, दिवाळी अंक मागवणाऱ्या कित्येक घरांत पोस्टमनला पैसे मोजून पार्सल सोडवून घेतलेलं आहे. व्ही. पी. परत येण्याची डोकेदुखी प्रकाशकांना तेव्हाही होतीच. २०१० मध्ये फ्लिपकार्टने कॅश ऑन डिलिव्हरी, म्हणजे सीओडी, सुरू केल्यावर तीच रीत ऑनलाइन बाजारात आली. पुढे घरोघरी यूपीआय पोचलं तरी ती गेली नाही, कारण प्रश्न सुट्या पैशांचा नसून भरवशाचा आहे. इन्स्टाग्रामवर पाहिलेल्या अनोळखी दुकानाला आधी पैसे पाठवायला लोक कचरतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. छोट्या विक्रेत्याला म्हणूनच सीओडी साफ बंद करता येत नाही. मोठ्या कंपनीला परतीचा तोटा हजारो ऑर्डरींत मुरवता येतो, घरून साड्या विकणाऱ्या बाईला तो महिन्याच्या महिन्याला खिशातून भरावा लागतो.

तो किती, ते एका हिशेबात पाहू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, आपापले घालून बघावेत. साडी ८५० रुपयांची, विणकराकडून खरेदी ५४०. पॅकिंग २०, जायचं कुरिअर जीएसटीसह ७५, रोख गोळा करण्याचं शुल्क ४०. शिवाय जाहिरातीवर खर्च झालेल्या पैशाला ऑर्डरींनी भागलं तर एका ऑर्डरीमागे ८० रुपये. साडी घेतली गेली तर हाती राहतात ९५. नाकारली गेली तर रोख गोळा करण्याचं शुल्क सहसा लागत नाही, पण पॅकिंग, जाहिरात आणि जायचं भाडं गेलेलंच असतं आणि वर परतीचे ६५ लागतात. एकूण २४० रुपये पाण्यात. म्हणजे एका नकाराची भरपाई करायला अडीच साड्या खपाव्या लागतात. शंभर ऑर्डरींपैकी तीस परत आल्या तर सत्तर साड्यांचा नफा ६,६५० आणि तीस नकारांचा तोटा ७,२००. सत्तर साड्या विकून बाई साडेपाचशे रुपयांनी खड्ड्यात. साधारण अठ्ठावीस टक्के नकार झाले की या धंद्यातला नफा शून्यावर येतो.

हे लवकर ध्यानात येत नाही, कारण पैसे आगेमागे फिरतात. गोळा झालेली रोकड कुरिअर कंपनी काही दिवसांनी, ठरलेल्या वारी खात्यात टाकते. भाडं मात्र आधी भरून ठेवलेल्या वॉलेटमधून परस्पर वजा होत असतं. पैसे जमा झाल्याचा मेसेज तेवढा दिसतो, वजावटी कुणी मोजत नाही.

आता माणसं नाकारतात का? फसवायचं म्हणून मागवणारे असतात, पण थोडे. बरीचशी ऑर्डर रात्री अकराला, रील बघताबघता, एका बोटाने दिलेली असते आणि सकाळपर्यंत विसरलेलीही असते. कधी सुनेने मागवलेलं असतं आणि दार सासऱ्यांनी उघडलेलं असतं, ते म्हणतात, ‘आम्ही काही मागवलेलं नाही.’ न मागवलेली पार्सलं सीओडीने गळ्यात मारून पैसे उकळण्याचे प्रकार झाल्यामुळे घरचे लोक आता असं म्हणायला शिकलेतच. कधी घरात रोकड नसते, कधी तीच साडी दुसरीकडे शंभराने स्वस्त दिसलेली असते. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. नकार बहुतेक वेळा पार्सल निघायच्या आधीच ठरलेला असतो, किंवा एका प्रश्नात बाहेर काढता आला असता. तो दारात कळला तर २४० रुपयांना पडतो, फोनवर कळला तर जाहिरातीच्या ८० रुपयांवर भागतं. नकार कमी करण्याची खटपट करण्यापेक्षा तो लवकर ऐकून घेण्याची केली तर जास्त फळ मिळतं, असं माझं मत आहे.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे पाठवण्याआधी विचारणं. ऑर्डर आल्यावर तासाभरात व्हॉट्सॲपवर चार ओळी टाकाव्यात: ‘नमस्कार ताई, हिरव्या काठाच्या काळ्या साडीची तुमची ऑर्डर मिळाली. ८५० रुपये पार्सल घेताना द्यायचे आहेत. उद्या दुपारी पाठवतेय, शुक्रवार-शनिवारपर्यंत पोचेल. घरी कोण असेल? पत्ता एकदा बघून ‘हो’ कळवा, मगच पाठवते.’ यात साडीचा फोटो जोडावा. ‘घरी कोण असेल’ हा प्रश्न चांभारचौकशी वाटेल, पण सासऱ्यांपर्यंत निरोप पोचवण्याचं काम तोच करतो. पत्ताही इथेच तपासून होतो. एका पिनकोडात अनेक गावं असतात आणि ‘मारुती मंदिराजवळ’ एवढ्यावर डिलिव्हरीवाला पोचत नाही. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, जवळची खूण आणि घरातला दुसरा फोन नंबर मागून घ्यावा. मेसेजला उत्तर नाही आलं तर एक फोन. तोही उचलला नाही तर पार्सल पाठवू नये.

वरच्याच शंभर ऑर्डरींत असं विचारल्यावर सतरा गळाल्या समजा. त्यांत एखाददुसरं खरं गिऱ्हाईकही गेलं. त्र्याऐंशी पाठवल्या, पंधरा परत आल्या, अडुसष्ट घेतल्या गेल्या. हिशेब केला तर साडेपाचशेच्या तोट्याऐवजी दीड हजाराचा नफा दिसतो, तोही दोन साड्या कमी विकून.

दुसरा उपाय थोडक्या ॲडव्हान्सचा. शंभर रुपये यूपीआयने आधी, बाकीचे साडेसातशे दारात. ज्याने शंभर भरले त्याचा जीव त्या पार्सलात थोडा तरी अडकतो. पंचवीस जणांनी भरायला नकार दिला, पंचाहत्तर पार्सलं गेली, त्यातली आठ परत आली, तर नफा सव्वातीन हजारांच्या आसपास जातो, कारण परत आलेल्या आठांचेही शंभर-शंभर आपल्याकडे असतात. मात्र हे औषध सगळ्यांना मानवत नाही. निम्म्या लोकांनी पाठ फिरवली, तर जाहिरातीचा खर्च उरलेल्यांच्या डोक्यावर बसतो आणि हिशेब पुन्हा तोट्याकडे झुकतो. पानावर जुन्या गिऱ्हाइकांचे शेरे, खरे फोटो, बोलता येईल असा नंबर असेल तरच अनोळखी माणूस शंभर रुपये टाकायला धजतो. नव्या दुकानाने आधी नुसतं विचारण्यापासून सुरुवात करावी. आणि दारातून परत पाठवल्यास हे शंभर रुपये भाड्यात जातील, पण वस्तू खराब निघाल्यास परत मिळतील, हे ऑर्डर देतानाच स्वच्छ लिहावं.

सीओडीसाठी वेगळे ४०-५० रुपये लावायचे असले तर तेही सुरुवातीच्या किमतीशेजारीच दाखवावेत. शेवटच्या पडद्यावर अचानक रक्कम फुगवणं २०२३च्या ‘डार्क पॅटर्न’ मार्गदर्शक तत्त्वांत बसणारं नाही. शिवाय दारात किंमत वेगळी ऐकू आली की माणूस पार्सल घेतच नाही. त्यापेक्षा आधी पैसे भरणाऱ्याला तेवढीच सूट दिलेली लोकांना जास्त रुचते.

इतकं करूनही पार्सल अडतंच. डिलिव्हरी झाली नाही की कुरिअरच्या पॅनलवर NDR या सदरात कारणासह नोंद येते. काही काळ विक्रेत्याने काहीच केलं नाही, किंवा दोन-तीन फेऱ्या फुकट गेल्या, की तिथे RTO Initiated दिसू लागतं. हे वाहनांचं आरटीओ नव्हे, पार्सल मालकाकडे परत निघाल्याची ही खूण आहे. एकदा ते परतीला लागलं की सहसा वळवता येत नाही, म्हणून ही यादी रोज सकाळी उघडायलाच हवी.

तिथलं कारण मात्र डोळे झाकून खरं मानू नये. दिवसाला ठरावीक पार्सलं संपवायच्या ओझ्याखालचा डिलिव्हरी बॉय कधीकधी घरापर्यंत न जाताच ‘गिऱ्हाइकाने नाकारलं’ असं टाकून मोकळा होतो. हे ओळखायचं कसं? नोंदीची वेळ रात्री उशिराची असते, किंवा एकाच पिनकोडातल्या आपल्या तीन पार्सलांवर मिनिटा-दोन मिनिटांच्या अंतराने तोच शेरा पडलेला असतो. ताबडतोब गिऱ्हाइकाला विचारावं: ‘ताई, आज कुरिअरवाल्याचा फोन आला होता का?’ त्या ‘नाही हो, मी दिवसभर घरीच होते’ म्हणाल्या, तर त्या उत्तराचा स्क्रीनशॉट जोडून पुन्हा फेरी मारायला सांगावं आणि दुसरा नंबर द्यावा. दारात नकार नोंदवताना गिऱ्हाइकाचा ओटीपी घेण्याची सोय काही कुरिअर देतात, ती मिळत असेल तर सुरू करून घ्यावी.

तीन-चार महिन्यांची वही ठेवली की आणखी एक गोष्ट दिसते. नकार सगळीकडे सारखे नसतात. ठरावीक पिनकोड, ठरावीक जाहिरात, हजाराच्या वरची किंमत, अशा कप्प्यांत ते साचतात. तेवढ्याच कप्प्यांसाठी सीओडी बंद करावी. ज्या गावांना खाजगी कुरिअर आठवड्यातून एखाददा जातं, तिथे टपालाने पाठवलेलं बरं. कारण पाचव्या दिवशी पोचणारं पार्सल नवव्या दिवशी पोचलं की तेवढ्यात गिऱ्हाइकाचं मन फिरतं.

खोक्याकडेही एकदा बघावं. कुरिअरवाला प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जास्त असेल ते लावतो. ३५ बाय २८ बाय ६ सेंटिमीटरचं खोकं घेतलं तर गुणाकाराला ५,००० ने भागून ११७६ ग्रॅम होतात, म्हणजे अर्ध्या किलोच्या साडीचं भाडं दीड किलोच्या टप्प्याने, आणि नाकारलं गेलं तर दोनदा. घडी दाबून प्लास्टिकच्या कुरिअर पिशवीत घातलेली साडी अर्ध्या किलोच्या मागेपुढे बसते.

परत आलेलं पार्सल घेताना आधी चिकटपट्टी बघावी. ती बदललेली वाटली तर पावतीवर तसा शेरा मारून, लेबल दिसेल असा सलग व्हिडिओ चालू ठेवूनच पिशवी फोडावी. आत साडीऐवजी जुनी ओढणी निघाली, तर कुरिअरकडे तक्रार करायची मुदत थोडीच असते आणि व्हिडिओशिवाय ती टिकत नाही.